केळीबागेतील तरुण कुत्र्याची कुरतड व उकराउकर : कारणे आणि उपाय

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याकडे पसरलेल्या सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळीचा मळा व त्यावर राखणीस ठेवलेला कुत्रा हे नेहमीचे दृश्य होय. पिल्लू तीन-चार महिन्यांचे असताना आणले जाते. सालदाराच्या मुलांबरोबर ते खेळते, दिलेले खाते व निजते. त्याविषयी कोणाची तक्रार नसते. परंतु हेच पिल्लू आठ-दहा महिन्यांचे झाले की ठिबकच्या नळ्या चावून ठेवणे, नव्या रोपांच्या बुडाशी खड्डे काढणे, खोपीतील चपला व दोर फाडणे असे प्रकार सुरू होतात. मग कुत्र्यास मार मिळतो, दिवसभर साखळी लागते आणि तरीही मोकळे सुटताच तो पुन्हा तेच करतो. अखेर त्यास दूर कोठेतरी नेऊन सोडून दिले जाते. त्यात मळा राखणदारास मुकतो व गावास एक मोकाट कुत्रा मिळतो. हा खोडकरपणा जातीचा दोष नसून बहुधा रिकाम्या राहिलेल्या शक्तीचा परिणाम असतो. त्या शक्तीस वाट कशी काढून द्यावी, हे समजून घेणे बागाइतदाराच्या हिताचे आहे.

नुकसान कोणी केले?

दोष कुत्र्यावर ठेवण्यापूर्वी नुकसान नीट पाहावे. केळीबागेत नळ्या व रोपे यांस उपद्रव देणारे प्राणी अनेक आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

उंदीर व खार नळी कुरतडतात तेव्हा तिच्या कडेवर जवळजवळ असलेल्या दोन दातांचे बारीक, समांतर चरे दिसतात. नळी आपल्या जागी असते व भोक स्वच्छ कोरल्यासारखे असते. कुत्र्याने चावलेली नळी चपटी होते, तिच्यावर सुळ्यांची खोल टोचणी दिसते आणि बहुतेक वेळा ती ओळीतून ओढून बाजूस नेलेली असते. खड्ड्याचेही तसेच आहे. कुत्रा पुढच्या पायांनी उकरतो व माती मागे फेकतो. म्हणून खड्ड्याच्या एकाच बाजूस माती पंख्यासारखी पसरलेली असते व आतील कडांवर नखांचे ओरखडे असतात. रानडुक्कर नाकाने जमीन उलथते, त्यामुळे लांब व वेडेवाकडे चर पडतात आणि केळीचा कंद खाल्लेला आढळतो. कुत्रा कंद खात नाही. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग असतो व आत बोगदा खोल गेलेला असतो.

कुत्र्याचे खड्डे नेमके अशा बिळांवरच असतील, तर ते कंटाळ्याचे लक्षण नव्हे. तो आपले शिकारीचे काम करीत आहे असे समजावे व उपाय घुशीवर करावा. मात्र कुत्रा वावरत असलेल्या मळ्यात विषारी आमिष मांडू नये, सापळे लावावेत. आमिष कुत्र्याने खाल्ले अथवा विषाने मेलेली घूस त्याने खाल्ली, तरी त्याच्या जिवास धोका असतो.

या वयातच हे का घडते?

कुत्र्याच्या पिल्लास २८ दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात व सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू हाती येईल ते चघळते. ही कुरतड दात येऊन पुरे झाले की पुष्कळ कमी होते.

त्यानंतर जी कुरतड राहते तिचे कारण वेगळे असते. साधारणपणे सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो. शरीर जवळजवळ पूर्ण वाढलेले, चपळाई भरपूर, वास व हालचाल यांविषयी कुतूहल तीव्र, परंतु स्वतःस आवरण्याची सवय अजून कच्ची, अशी ही अवस्था असते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी ॲशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधांना वाट दाखविण्यासाठी वाढविल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच महिन्यांचे असताना जे कुत्रे सांभाळणाऱ्याच्या शब्दावर बसत, तेच आठ महिन्यांचे झाल्यावर त्याचे कमी ऐकू लागले. अनोळखी माणसाच्या बाबतीत अशी घसरण दिसली नाही. म्हणजे शिकलेले ते विसरले नव्हते. ही वयाची एक पायरी आहे व ती ओलांडली जाते. या वर्षभरात कुत्र्यास काय करावयास मिळते यावर त्याच्या पुढील सवयी ठरतात.

मळ्यावरील कुत्र्याचा दिवस पाहिला तर अडचण कोठे आहे ते उमगते. सकाळी सहापासून सायंकाळपर्यंत तो पाच हात साखळीला बांधलेला असतो. खाणे भांड्यात आयते मिळते व दोन मिनिटांत संपते. दिवसभर त्यास करण्याजोगे काहीच नसते. रात्री साखळी सुटते, तेव्हा साठलेली सारी शक्ती एकदम बाहेर पडते आणि समोर मऊ, ओली, थंड माती व दाताखाली दबणाऱ्या नळ्या असतात. नळी चावली की पाण्याची चिळकांडी उडते. उन्हाने तापलेल्या कुत्र्यास यापेक्षा मोठे बक्षीस कोणते? दोन-तीनदा हा अनुभव आला की नळी चावणे ही त्याची ठाम सवय बनते.

बागेचे नुकसान व कुत्र्याचा धोका

एका नळीस भोक पडल्याने पाणी वाया जाते एवढेच नुकसान नसते. त्या ओळीतील दाब कमी होऊन पुढच्या झाडांस पाणी अपुरे पडते. पंप बंद झाल्यावर भोकातून माती आत ओढली जाते व पुढील छिद्रे तुंबतात. म्हणून चावलेला भाग कापून जोड घातल्यावर नळीचे शेवटचे टोक उघडून ती धुऊन काढणे अवश्य आहे. केळीची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या एक फुटाच्या थरातच असतात. बुडाशी खड्डा पडला की ती तुटतात, झाडाची पकड सैल होते व उन्हाळ्यातील वाऱ्यावादळात असे झाड सहज आडवे होते. ऊतीसंवर्धित रोप लावून थोडेच दिवस झाले असतील, तर ते मुळांच्या गोळ्यासह उपटले जाते. मग नांगे भरावे लागतात आणि मागाहून लावलेली झाडे इतरांच्या मागे पडून कापणी एका वेळी होत नाही.

कुत्र्यास असलेला धोका याहून गंभीर आहे. सूत्रकृमी व सोंडकिडीसाठी बुडाशी टाकलेले कार्बोफ्युरॉनसारखे दाणेदार कीटकनाशक उकरताना त्याच्या तोंडात जाऊ शकते. तसे झाल्यास लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंग थरथरणे व झटके येणे ही लक्षणे लवकर दिसतात. काही बागाइतदार एरंडीची पेंड वापरतात. तिच्या वासाने कुत्रे ओढले जातात आणि ती त्यांना विषारी असते. तिची बाधा बहुधा काही तासांनी उलट्या व रक्ताचे जुलाब या रूपाने प्रकट होते. दोन्ही प्रसंगी मीठपाणी पाजून उलटी करविण्याच्या खटपटीत वेळ न घालविता, औषधाची पिशवी बरोबर घेऊन कुत्र्यास तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. ज्या बागेत कुत्रा मोकळा फिरतो तेथे एरंडीच्या पेंडीऐवजी निंबोळी पेंड वापरणे बरे, आणि दाणेदार औषध टाकल्यावर त्या भागात कुत्र्यास मुळीच सोडू नये.

मार का उपयोगी पडत नाही?

सकाळी फाटलेली नळी दिसते व कुत्र्यास तिच्याजवळ ओढून नेऊन मारले जाते. तो कान पाडतो, नजर चुकवितो. त्यास आपला अपराध कळला असे पाहणाऱ्यास वाटते. अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याचा उलगडा झाला. कुत्र्याने मना केलेला पदार्थ खाल्ला असो वा नसो, मालक रागावला की तो ओशाळा चेहरा करी. निरपराध कुत्र्यांतही हा चेहरा दिसला. अर्थात तो चेहरा पश्चात्तापाचा नसून समोरच्या रागाला दिलेले उत्तर असते.

रात्री केलेले कृत्य व सकाळचा मार यांची सांगड कुत्र्यास घालता येत नाही. मालक जवळ आला की मार बसतो, एवढेच तो शिकतो. पुढे तो मालकासमोर नळीला तोंड लावीत नाही, पण हाक मारली तरी जवळ येत नाही. मळ्यावरील कुत्र्यात हा दोष फार गैरसोयीचा ठरतो. नळ्यांना मिरचीचे पाणी लावण्याचा उपायही करू नये, त्याने डोळ्यांस इजा होते. निंबोळी तेलाच्या कडूपणाने काही कुत्रे थोडे दिवस दूर राहतात, परंतु पाणी व धूळ लागून तो कडूपणा जातो व मूळ कारण तसेच राहते.

शक्तीला वाट देण्याचे मार्ग

उपायांचे सूत्र असे की चावणे व उकरणे बंद पाडू पाहण्याऐवजी त्यांना जागा, वेळ व वस्तू नेमून द्यावी. या उपजत प्रवृत्ती आहेत. त्या साफ नाहीशा होत नाहीत, वळविता मात्र येतात.

पहिले, उकरण्याची जागा. खोपीजवळ, निंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत, पाच फूट लांब, चार फूट रुंद व दीड फूट खोल खड्डा घ्यावा. तो रेती व भुसभुशीत मातीच्या मिश्रणाने भरावा. निव्वळ काळी माती वापरू नये, कारण ती वाळली की कठीण होते व ओली झाली की चिकटते. उन्हाळ्यात त्यावर थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे आतील माती गार राहते. पहिल्या दिवशी कुत्र्याच्या देखत भाकरीचे चार-पाच तुकडे जेमतेम इंचभर खोल पुरावेत व त्यास उकरू द्यावे. दोन-तीन दिवसांनी खोली चार इंच करावी, पुढे आठ-दहा इंचांपर्यंत न्यावी व जागा बदलत राहावे. खाद्य राहिल्यास मुंग्या लागतात, म्हणून न सापडलेले तुकडे सायंकाळी काढून टाकावेत. बागेत उकरताना कुत्रा दिसला तर न ओरडता त्यास बोलावून या खड्ड्यावर आणावे व तेथे उकरू लागताच शाबासकी द्यावी.

दुसरे, चावण्याच्या वस्तू. येथे एक चूक सर्रास होते. ठिबकच्या नळीचा जुना तुकडा वा फाटकी चप्पल कुत्र्यास खेळण्यासाठी टाकली जाते. जुनी नळी व नवी नळी यांतील भेद त्यास कळत नाही. आपणच त्यास नळी चावण्याचे शिक्षण देत असतो. दिलेली वस्तू मळ्यातील कोणत्याही उपयोगी वस्तूसारखी दिसता वा लागता कामा नये. जाड सुती कापडाच्या पट्ट्यांचा वेणीसारखा पीळ घालून दोन्ही टोकांस मोठी गाठ मारावी. हे खेळणे चांगले टिकते, मात्र धागे सुटू लागताच ते काढून घ्यावे, कारण गिळलेले धागे आतड्यात अडकतात. सालीसकट गाजर चघळण्यास चालते. शिजविलेले हाड कधीही देऊ नये, त्याच्या अणकुचीदार चिपा होतात. वस्तू फार कठीणही नसावी. अंगठ्याच्या नखाने जोरात दाबल्यावर जिच्यावर खूण उमटत नाही, तिने दात तुटण्याचा संभव असतो. तीन-चार वस्तू करून रोज एकच द्यावी, म्हणजे तिची नवलाई राहते.

तिसरे, खाण्यासाठी श्रम. दिवसाच्या खाद्यापैकी निम्मे भांड्यात न देता मिळविण्यास लावावे. ज्वारीची वा कळण्याची भाकरी कुस्करून खोपीसमोरच्या गवतावर विखरून टाकली, तर ती वेचण्यात कुत्र्याचा अर्धा तास सहज जातो. नाकाने शोध घेण्याच्या या कामाने कुत्रा धावण्याइतकाच थकतो व थकल्यावर शांत निजतो. कांदा घातलेले कालवण मात्र त्यात मिसळू नये, कांदा कुत्र्यास अपायकारक असतो.

चौथे, फेरी व शिकवण. सूर्य वर येण्यापूर्वी व मावळल्यावर अर्धा ते पाऊण तास बांधावरून फिरवावे. त्यास वास घेत, थांबत चालू द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत जमिनीवर हाताची मागील बाजू सात सेकंद ठेववत नसेल, तर त्या वेळी कुत्र्याचे पायही भाजतात हे जाणावे. मोटारसायकलीस बांधून पळविण्याची रीत अजून हाडे न भरलेल्या या वयात घातक आहे. याखेरीज दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे ‘ये’, ‘बस’ व ‘सोड’ हे शब्द शिकवावेत. ‘सोड’ शिकविताना कुत्र्याच्या तोंडात खेळणे असता त्याच्या नाकाशी दुधात भिजविलेला भाकरीचा तुकडा धरावा. त्याने तोंड उघडताच ‘सोड’ म्हणावे, तुकडा द्यावा व खेळणेही परत द्यावे. वस्तू सोडल्याने तोटा होत नाही असा त्याचा विश्वास बसला, म्हणजे तो नळीही सोडतो. त्याच्यामागे धावू नये. पाठलाग हाच त्यास सर्वांत आवडता खेळ वाटतो.

एका मळ्याचे उदाहरण

या भागातील मळ्यांवर सामान्यतः दिसणारी परिस्थिती घेऊन उपायांचा क्रम पाहू. सावदा शिवारात तीन एकर कांदेबाग आहे. ऑक्टोबरमध्ये लागवड झाली, आता फेब्रुवारी आहे. दहा महिन्यांचा गावठी नर दिवसा साखळीस व रात्री मोकळा असतो. खोपीलगतच्या चार ओळींत नळ्या चावलेल्या व बुडे उकरलेली आढळतात. दूरच्या ओळी शाबूत आहेत.

पहिले तीन दिवस कोणताही बदल न करता सालदाराने नुकसान कोठे व केव्हा झाले ते लिहून ठेवावे. येथे असे दिसते की नळ्या संध्याकाळी सुटका होताच पहिल्या तासात चावल्या जातात आणि खड्डे नेहमी ओल्या ठिकाणी पडतात. म्हणजे कारणे दोन आहेत : साठलेली शक्ती आणि गारव्याची व पाण्याची ओढ.

चौथ्या दिवशी खोपीच्या सावलीत बारा फूट लांब व दहा फूट रुंद जागेस तारेच्या जाळीचे कुंपण घालावे. उकरण्याचा खड्डा त्याच्या आतच घ्यावा. जड, न कलंडणाऱ्या भांड्यात दिवसभर पाणी ठेवावे व दुपारी बदलावे. दिवसाची साखळी येथे संपते. सकाळी फेरी, मग वेचून खाणे, दुपारी चघळण्याची वस्तू व विश्रांती, सायंकाळी शिकवण व पुन्हा फेरी, असा क्रम लावावा. रात्री कुत्रा कुंपणातच ठेवावा. राखणीचे काम त्याच्या भुंकण्याने होते, त्यासाठी बागेत मोकळे असणे आवश्यक नाही. उकरलेली बुडे त्याच दिवशी ओल्या मातीने भरून, दाबून, वाळलेल्या केळीच्या पानांनी झाकावीत. खोपीलगतच्या चार ओळींपुढे तात्पुरती जाळी लावावी.

पहिल्या आठवड्यात कुत्रा अधिक भुंकतो, जाळीच्या कडेस उकरतो. जुनी सवय सुटताना ती काही दिवस वाढल्यासारखी दिसतेच. येथे धीर सोडून त्यास मोकळे केले, तर दंगा केला की सुटका होते असे तो शिकतो. तिसऱ्या आठवड्यात त्यास लांब दोरी बांधून सालदाराबरोबर बागेत न्यावे. नळीकडे वळला की बोलवावे व आल्यावर खाऊ द्यावा. सलग सात दिवस नळीस तोंड लावले नाही, तर फेरीनंतर पंधरा मिनिटे देखरेखीखाली मोकळे सोडावे व दर आठवड्यास वेळ वाढवीत जावे. एखादे दिवशी नळी फाटली, तर शिक्षा न करता मागील आठवड्याच्या वेळेवर परत यावे. वेळ वाढविण्यात घाई झाली, एवढाच त्याचा अर्थ. दीड वर्षाचा होईपर्यंत रात्रभर एकट्यास बागेत सोडू नये, हे उत्तम.

पशुवैद्याकडे केव्हा न्यावे?

वरील क्रम महिनाभर नेटाने पाळूनही फरक पडला नाही, तर कारण अन्यत्र शोधावे. कुत्रा माती उकरून ती खात असेल, अंग वाळत असेल, तर जंत अथवा रक्तक्षय यांची तपासणी करवावी. माणूस दृष्टीआड होताच तो दार किंवा कुंपणच चावत असेल व एरवी शांत राहत असेल, तर तो कंटाळा नसून एकटेपणाची भीती आहे. तेथे एकटे राहण्याची सवय मिनिटामिनिटाने वाढवावी लागते.

एक लक्षण मात्र कधीही दुर्लक्षू नये. आजवर बरे वागणारा कुत्रा एकाएकी दगड, लाकूड, साखळी यांचे चावे घेऊ लागला, त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली व गिळणे जड झाले, तर ती पिसाळल्याची चिन्हे असू शकतात. घशात हाड अडकले असेल या समजुतीने त्याच्या तोंडात हात घालू नये. त्यास दुरूनच बंदिस्त करून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कोणास चावा वा लाळ लागली असेल, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालयात जावे. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळण्याच्या रोगाविरुद्धची लस टोचून घेतली व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी ती पुन्हा दिली, तर हा धोका टळतो. मळ्यावर नवे पिल्लू आणताच लसीची तारीख लिहून ठेवावी आणि उकरण्याचा खड्डा मात्र ते सहा महिन्यांचे होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात खणून घ्यावा.